पेपर टाकल्यावर ऑफर गेली, तर पहिला मेल कसा लिहावा

पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत नोकरी बदलण्याची एक ठरलेली रीत आहे. नव्या कंपनीचं ऑफर लेटर येतं, ते स्वीकारल्याचा मेल जातो, मग जुन्या ठिकाणी पेपर टाकले जातात आणि साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो. या दिवसांत माणूस जुन्या कंपनीचा उरलेला नसतो आणि नव्या कंपनीचा झालेला नसतो. नव्या कंपनीने याच काळात ऑफर मागे घेतली, तर एका फोनमध्ये दोन्ही नोकऱ्या हातच्या जातात. भरतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. पुढे काय होतं ते बऱ्याच अंशी त्या फोननंतरच्या दोन-तीन दिवसांत ठरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं एक प्रकरण घेऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी. तिला खराडीतल्या कंपनीकडून 4 जूनला ऑफर लेटर मिळालं. 6 जूनला तिने ते मेलने स्वीकारलं आणि 7 जूनला राजीनामा दिला. नोटीस साठ दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस 5 ऑगस्ट, आणि नव्या ठिकाणी रुजू व्हायचं 6 ऑगस्टला. 21 जुलैच्या संध्याकाळी रिक्रुटर मॅडमचा फोन आला : ‘‘तुमची पोझिशन सध्या होल्डवर गेली आहे. मॅनेजमेंटचा निर्णय आहे. काही अपडेट आलं की कळवते.’’

आता तिच्या हातात पंधरा दिवस आहेत, आणि सगळं काही या पंधरा दिवसांच्या हिशोबाने करायचं आहे. फोनवर बहुतेक जण ‘‘ठीक आहे मॅडम’’ म्हणून मोकळे होतात, किंवा मग आवाज चढवतात. दोन्हींचा उपयोग नाही. फोन करणाऱ्या रिक्रुटरने हा निर्णय घेतलेला नसतो. तिला तो दुपारी कळलेला असतो आणि यादीतल्या पाच-सहा जणांना संध्याकाळपर्यंत कळवायचा असतो. तिच्याकडून त्या वेळी एकच गोष्ट मागावी : ‘‘मॅडम, हे मला मेलवर मिळेल का?’’ अनेकदा ‘‘हो, पाठवते’’ असं उत्तर येतं आणि मेल काही येत नाही. म्हणून त्याच रात्री आपणच मेल लिहायचा आणि फोनवर काय सांगितलं गेलं ते त्यात नोंदवायचं.

‘होल्ड’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान याच शब्दाने होतं. ऑफर रद्द झाली असं स्पष्ट सांगितलं, तर माणूस लगेच दुसऱ्या उद्योगाला लागतो. होल्डवर आहे म्हटलं की तो वाट बघत बसतो. एक आठवडा जातो, दुसरा जातो, नोटीस संपते, लॅपटॉप परत केला जातो, आणि मग ‘‘सध्या शक्य होणार नाही’’ असा मेल येतो. होल्डला तारीख नसेल तर ती ऑफर गेली असं धरूनच आपली पावलं टाकावीत. ती पुन्हा उघडली तर चांगलंच.

मेल लिहिण्याआधी ऑफर लेटर सावकाश वाचून काढायचं. ते स्वीकारताना आपण पगाराचा आकडा आणि रुजू व्हायची तारीख एवढंच बघितलेलं असतं. आता खालचा मजकूर बघायचा : ऑफर कशाकशाच्या अधीन आहे, पार्श्वभूमीच्या पडताळणीचं कलम कसं लिहिलं आहे, रुजू होण्याआधी ऑफर मागे घेण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे का, आणि खाली सही कोणाची आहे. ज्याची सही, त्याला मेल जायला हवा. रिक्रुटर आणि ज्याने मुलाखत घेतली तो हायरिंग मॅनेजर यांनाही त्यात ठेवावं. कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला पहिल्याच मेलमध्ये ओढू नये. तो मेल खालीच पाठवला जातो आणि खालचा माणूस दुखावलेला असतो.

आता कारण विचारण्याबद्दल. ‘असं का केलंत?’ या प्रश्नाला कंपनी ‘व्यावसायिक कारणांमुळे’ असं उत्तर देते आणि विषय संपवते. उपयोगी उत्तर हवं असेल तर ज्याला दोनच बाजू आहेत असा प्रश्न विचारावा लागतो : निर्णय जागेमुळे झाला की माझ्यामुळे? जागेमुळे म्हणजे प्रोजेक्ट गेला, बजेट गोठवलं, टीमची पुनर्रचना झाली. माझ्यामुळे म्हणजे पडताळणीत काही आढळलं, आधीच्या वरिष्ठाने वेगळं सांगितलं, कागदपत्रांत फरक निघाला. दोन्हींचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात दुसरी टीम, दुसरी तारीख यांवर बोलता येतं. दुसऱ्यात चूक दुरुस्त करता येते, आणि ती लगेच केली तर ऑफर वाचूही शकते.

पडताळणीतली एक अडचण मी इतक्यांदा पाहिली आहे की ती सविस्तर सांगतो. अनेकांनी सुरुवातीची दोन-तीन वर्षं थर्ड पार्टी पेरोलवर काढलेली असतात. बसायचं मोठ्या कंपनीच्या ऑफिसात, ओळखपत्रही तिचंच, पण पगार देणारी आणि पीएफ भरणारी कंपनी वेगळी. बायोडेटात माणूस मोठ्या कंपनीचं नाव लिहितो. पडताळणी करणारी एजन्सी यूएएन क्रमांकावरून पीएफची सर्व्हिस हिस्टरी काढते, तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव निघतं आणि अहवालात ‘विसंगती’ असा शेरा बसतो. उमेदवाराने खोटं सांगितलेलं नसतं, पण कागदावर ते तसंच दिसतं. असं काही असेल तर पेरोल कंपनीचं नेमणूकपत्र, त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा आणि ज्या ठिकाणी काम केलं तिथल्या वरिष्ठाचा एखादा मेल एवढं देऊन शेरा बदलून घेता येतो. त्यासाठी शेरा नेमका काय आहे हे आधी कळायला हवं, म्हणून तो प्रश्न मेलमध्ये स्पष्ट विचारायचा.

आपल्या प्रकरणातल्या मुलीने त्या रात्री लिहायचा मेल असा. बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच असावा :

‘‘नमस्कार मॅडम,

आज संध्याकाळी झालेल्या फोनच्या संदर्भात लिहीत आहे. 4 जूनच्या ऑफर लेटरप्रमाणे मी 6 ऑगस्टला रुजू व्हायचं होतं. 6 जूनच्या मेलने मी ती ऑफर स्वीकारली होती. ही जागा सध्या थांबवली आहे, असं आपण मला आज सांगितलंत.

या ऑफरवर विसंबून मी 7 जूनला सध्याच्या कंपनीत राजीनामा दिला. तिथला माझा शेवटचा दिवस 5 ऑगस्ट आहे. आणखी एका कंपनीशी सुरू असलेली बोलणी मी आपली ऑफर स्वीकारल्यावर थांबवली होती.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा निर्णय तात्पुरता असेल, तर अंतिम निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल? आणि तो जागेशी संबंधित आहे, की माझ्या पडताळणीत काही आढळलं आहे? काही आढळलं असेल तर नेमका मुद्दा कळवावा, मी आवश्यक ते कागद लगेच देईन.

आपल्याकडे काम करायची माझी इच्छा कायम आहे. रुजू होण्याची तारीख पुढे नेणं किंवा दुसऱ्या टीममध्ये अशाच कामाची जागा, यांवर बोलायला मी तयार आहे. हे शक्य नसेल, तर ऑफर कंपनीच्या अंतर्गत कारणामुळे मागे घेतली असं पत्र द्यावं आणि माझ्या झालेल्या नुकसानीबाबत बोलण्यासाठी वेळ द्यावा.

माझी नोटीस संपत आली आहे. 24 जुलैपर्यंत उत्तर मिळालं तर मला सध्याच्या कंपनीशी वेळेत बोलता येईल.’’

या मेलमध्ये राग नाही, विनवणीही नाही. तारखा मात्र सगळ्या आहेत. ‘ऑफरवर विसंबून राजीनामा दिला’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. पुढे कधी भरपाईचा विषय निघाला, तर नुकसान कशामुळे झालं याची ती पहिली लेखी नोंद असते. तसंच, ऑफर मागे घेतल्याचं ‘मान्य आहे’ असं या मेलमध्ये कुठेही नाही. कंपनीचा रद्द केल्याचा मेल आला की सवयीने ‘ओके, थँक्स’ असं उत्तर पाठवलं जातं. त्याचा अर्थ दोघांच्या संमतीने करार संपला, असा लावायला जागा मिळते. ‘आपला मेल मिळाला’ एवढंच लिहावं. आणि शेवटच्या मुदतीला कारण जोडलेलं आहे. मुदत नुसती दिली तर धमकी वाटते. कारण दिलं की रिक्रुटरलाही तो मेल वर पाठवताना काहीतरी सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम याहूनही निकडीचं : सध्याच्या मॅनेजरला भेटून राजीनामा मागे घेण्याची विनंती करणं. अनेकांना इथे कमीपणा वाटतो, आणि त्या संकोचात चार-पाच मोलाचे दिवस जातात. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1978 साली आला होता, तोही एका न्यायाधीशाच्या बाबतीत. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी मे 1977 मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून 1 ऑगस्टपासून राजीनामा देत असल्याचं कळवलं होतं, आणि जुलैमध्ये दुसरं पत्र लिहून ते मागे घेतलं. न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. राजीनामा अमलात येण्याआधी, विरुद्ध असा काही नियम किंवा करार नसेल तर, तो मागे घेता येतो हे तत्त्व तिथे मांडलं गेलं आणि नंतरच्या अनेक निकालांत ते वापरलं गेलं. 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने राजीनामा मागे घेण्याच्या बाजूने निकाल दिला.

हे निकाल सार्वजनिक सेवेतले आहेत. खासगी कंपनीत आपल्या नेमणूकपत्रात काय लिहिलं आहे आणि राजीनामा स्वीकारल्याचं लेखी कळवलं गेलं आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे मॅनेजरपुढे न्यायालयाचं नाव काढायचं कारण नाही. पण आपण काही अद्भुत मागतो आहोत असं वाटून गप्पही बसू नये. भेटीनंतर लगेच दोन ओळींचा मेल करावा : ‘7 जूनचा माझा राजीनामा मी मागे घेत आहे, तो मागे घेतला असं समजावं ही विनंती.’ मेलवर तारीख पडते, आणि ती 5 ऑगस्टच्या आधीची असणं हेच महत्त्वाचं. बदली माणूस आधीच घेतला असेल तर कंपनी नाही म्हणू शकते. अशा वेळी दुसरी मागणी तयार ठेवावी, शेवटचा दिवस महिनाभर पुढे नेण्याची. काम हस्तांतरित करण्यासाठी मॅनेजरला माणूस हवाच असतो, त्यामुळे ही मागणी मान्य होण्याची शक्यता बरी असते. नोकरीत असलेल्या माणसाला पुढची नोकरी शोधणं सोपं जातं, हे भरतीचं काम केलेला कोणीही सांगेल.

नव्या कंपनीकडे मागायच्या पर्यायांपैकी कोणता खरोखर मिळतो? माझ्या अनुभवात दुसऱ्या टीमची जागा क्वचित मिळते, कारण भरती थांबते ती बहुधा सगळीकडेच थांबते. तारीख पुढे नेणं लवकर मान्य होतं, पण तारीख नव्या, सही केलेल्या पत्रात आली तरच ते खरं मानावं. तोंडी ‘सप्टेंबरमध्ये बघू’ला काही किंमत नाही. काही महिन्यांचं कंत्राटी काम पुढे केलं गेलं, तर ते कोणाच्या पेरोलवर, पीएफ मिळणार का आणि मुदत संपल्यावर काय, हे आधी विचारावं. सर्वांत सहज मिळतं ते पत्र, आणि लोक नेमकं तेच मागत नाहीत. ‘अमुक तारखेची ऑफर कंपनीच्या व्यावसायिक कारणांमुळे मागे घेतली, उमेदवाराच्या पात्रतेशी किंवा पडताळणीशी त्याचा संबंध नाही’ एवढी दोन वाक्यं. कंपनीला यात काही खर्च नाही. आपल्याला मात्र पुढच्या मुलाखतीत ‘पेपर टाकून बसलात, मग ऑफर का गेली?’ या प्रश्नाचं उत्तर हाताशी मिळतं. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट मागावी. काही कंपन्यांच्या यंत्रणेत ऑफर बंद झालेल्या उमेदवाराला सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. ती अट आपल्याला लागू होणार नाही, एवढं लेखी घ्यावं.

पैशाचं काय? इथे कायद्याची मर्यादा आधीच माहीत असावी, म्हणजे चुकीच्या आशेवर महिने जात नाहीत. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव स्वीकारल्याचं कळवण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच तो मागे घेता येतो. 6 जूनला स्वीकृतीचा मेल गेल्यावर करार झाला, असं म्हणायला चांगला आधार आहे; ऑफर लेटरमधल्या अटींनी तो किती सैल केला आहे, हा पुढचा प्रश्न. पण करार झाला म्हणून न्यायालय कंपनीला ‘हिला कामावर घ्या’ असं सहसा सांगत नाही. खासगी नोकरीचा करार सक्तीने अमलात आणला जात नाही, भरपाई मागता येते. तीही करार मोडल्यामुळे सरळ झालेल्या नुकसानीची. याच कायद्याच्या कलम 73 मध्ये असंही आहे की नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते, याचा विचार केला जाईल. म्हणजे नोकरी न शोधता घरी बसून वर्षभराचा पगार मागता येणार नाही. शोध सुरू ठेवल्याचे मेल, अर्ज, मुलाखतींच्या तारखा हे सगळं जपून ठेवायचं ते याचसाठी.

त्यामुळे मेलमधली पैशाची मागणी मोजकी आणि कागदाने दाखवता येईल अशी असावी. नव्या कंपनीच्या सांगण्यावरून लवकर रुजू होण्यासाठी नोटीसचे काही दिवस विकत घेतले असतील, तर ती रक्कम. घर बदलण्यासाठी भरलेलं आणि आता बुडालेलं टोकन. सध्याच्या कंपनीने थांबवलेला बोनस, तो राजीनाम्यामुळेच थांबला असं पत्र असेल तर. मनस्तापाची रक्कम लिहिली की समोरचा माणूस मेल कायदा विभागाकडे पाठवतो आणि स्वतः बोलणं बंद करतो. दिवाणी दावा करण्यासाठी करारभंगापासून तीन वर्षांची मुदत असते. म्हणून पहिल्या आठवड्यात वकिलाची नोटीस पाठवण्याची घाई करू नये. पण दोन मेलना उत्तरच आलं नाही आणि दाखवता येणारं नुकसान मोठं असेल, तर वकिलाला सगळे कागद दाखवून एकदा सल्ला घ्यावा. रक्कम पन्नास हजारांच्या घरातली असेल तर दाव्याचा खर्च आणि लागणारा काळ यांचा विचार करता मी तरी तो मार्ग सुचवणार नाही.

कॉलेजातून निवडल्या गेलेल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांनी राजीनामा दिलेला नसतो, पण कॅम्पसच्या नियमामुळे एक ऑफर घेतल्यावर दुसऱ्या कंपन्यांना बसता आलेलं नसतं. 2022 नंतर अनेक आयटी कंपन्यांनी फ्रेशर्सचं जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबवलं, तेव्हा पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रारी नेल्या. अशा वेळी एकेका मुलाने मेल लिहिण्यापेक्षा सगळ्यांची यादी करून प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत एकच पत्र पाठवणं अधिक परिणामकारक ठरतं. कंपनीला पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात यायचं असतं. आणि कॉलेजकडे लगेच मागायची गोष्ट म्हणजे या मुलांना उरलेल्या कंपन्यांच्या मुलाखतींना पुन्हा बसू द्यावं.

खराडीच्या कंपनीकडून उत्तर आलंच नाही, तर 25 जुलैला दुसरा मेल जावा. त्यात नवं काही नसावं : पहिल्या मेलची आठवण, तेच दोन प्रश्न, आणि ‘उत्तर न आल्यास ऑफर मागे घेतली आहे असं समजून मी पुढची पावलं उचलत आहे’ एवढं वाक्य. त्याच दिवशी, जिच्याशी बोलणी थांबवली होती त्या तिसऱ्या कंपनीच्या रिक्रुटरला फोन करावा. तिथली जागा महिन्या-दीड महिन्यानंतरही रिकामी असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त असते, कारण स्वीकारूनही रुजू न होणारे उमेदवार त्यांच्याही वाट्याला येत असतात. त्या रिक्रुटरला झालं ते सरळ सांगावं, पत्र मिळालं असेल तर जोडावं, आणि खराडीच्या कंपनीबद्दल एकही वाईट शब्द बोलू नये. बायोडेटात त्या कंपनीचं नाव लिहायचं नाही. ती तिथे रुजूच झालेली नसल्याने पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ते कुठेच येणार नाही, आणि पुढच्या पडताळणीत विचारणा होईल ती फक्त हिंजवडीच्या कंपनीची.